फोनला टीव्ही दिसत नाही: दुसरा राउटर आणि गेस्ट वायफायचा अडसर

टीव्हीवर यूट्यूब धडधडीत चालतं, फोनवर इंटरनेट उत्तम, दोन्हीकडे वायफायचे दांडे भरलेले. तरी फोनमधलं कास्टचं चिन्ह एक तर येतच नाही, नाहीतर दाबल्यावर रिकामी यादी दाखवतं. अशा वेळी बहुतेक जण टीव्ही फॅक्टरी रीसेट करतात, मग सगळ्या अ‍ॅपमध्ये पुन्हा लॉगिन करत बसतात आणि यादी रिकामी ती रिकामीच राहते. रीसेट करू नका. दोष बहुतेक वेळा टीव्हीत नसतो, टीव्ही आणि फोन यांच्या मधल्या वाटेत असतो.

ही वाट कशी असते ते आधी पाहू. कास्ट करताना फोन टीव्हीला व्हिडिओ पाठवत नाही, तो फक्त ‘अमुक व्हिडिओ लाव’ असा निरोप देतो. व्हिडिओ टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून ओढतो. म्हणून टीव्हीचं इंटरनेट चालतं यावरून फक्त टीव्ही ते राउटर ही वाट मोकळी आहे एवढंच कळतं. फोन ते टीव्ही ही वाट वेगळी, आणि ती घरातल्या घरात असते.

निरोप द्यायच्या आधी फोनला टीव्ही सापडावा लागतो. त्यासाठी फोन घरच्या नेटवर्कवर एक हाक मारतो: ‘इथे कास्ट घेणारं कुणी आहे का?’ ही हाक `224.0.0.251` या ठरलेल्या पत्त्यावर जाते आणि टीव्ही तिला उत्तर देतो. या पद्धतीला एमडीएनएस म्हणतात. ही हाक मुद्दामच एका नेटवर्कपुरती ठेवलेली असते, राउटर ती पलीकडच्या नेटवर्कमध्ये नेत नाही. फोन एका नेटवर्कवर आणि टीव्ही दुसऱ्यावर असला, किंवा एकाच नेटवर्कवर असूनही राउटरने दोघांना एकमेकांशी बोलायची बंदी केली असली, तर हाक पोचत नाही आणि यादी रिकामी राहते.

आधी दोन पत्ते कागदावर लिहा

तपासणीची सुरुवात इथूनच करायची. फोनवरचा मोबाइल डेटा बंद करा, व्हीपीएन अ‍ॅप असेल तर तेही बंद करा. वायफाय अशक्त झालं की बरेच फोन न सांगता डेटावर उडी मारतात, आणि मग सगळी तपासणी चुकीच्या दिशेने जाते.

अँड्रॉइड फोनमध्ये वायफायच्या यादीत जोडलेल्या नावाशेजारच्या गिअरच्या चिन्हावर दाबा, खाली `IP address` दिसेल. काही फोनमध्ये त्यासाठी आणखी एकदा `View more` किंवा `Advanced` दाबावं लागतं. आयफोनमध्ये नावाशेजारच्या गोलातल्या i वर दाबलं की `IP Address` आणि `Router` दोन्ही दिसतात. गुगल टीव्हीवर `Settings`, मग `Network & Internet`, मग जोडलेल्या वायफायचं नाव उघडा. इतर कंपन्यांच्या टीव्हीत हाच आकडा नेटवर्क स्टेटस अशा नावाच्या पानावर असतो.

फोन आणि टीव्ही दोघांचा पत्ता, राउटरचा पत्ता आणि वायफायचं नाव लिहून ठेवा. घरगुती राउटरवर पत्त्याचे पहिले तीन आकडे म्हणजे नेटवर्क आणि शेवटचा आकडा म्हणजे त्यातलं उपकरण, असं धरलं तर जवळजवळ नेहमी बरोबर ठरतं. फोन `192.168.1.22` आणि टीव्ही `192.168.1.37` असेल तर नेटवर्क एकच. फोन `192.168.0.104` आणि टीव्ही `192.168.1.37` असेल तर नेटवर्क दोन, आणि घरात कुठेतरी दोन राउटर स्वतंत्र कारभार करताहेत.

नाव पाहून निष्कर्ष काढू नका, तिथे दोन्ही बाजूंनी फसगत होते. एकाच राउटरची 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झची नावं वेगळी असली तरी सहसा आतलं नेटवर्क एकच असतं. टीव्ही 2.4 वर आणि फोन 5 वर म्हणून कास्ट अडतं, हे दुकानात हमखास ऐकायला मिळतं आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं. उलट दोन वेगळ्या राउटरना सारखंच नाव आणि सारखाच पासवर्ड दिलेला असला, तर वरवर एक वायफाय दिसतं आणि आत दोन नेटवर्क असतात. याची खूण ठरलेली आहे: खाली हॉलमध्ये उभं राहिलं की कास्ट चालतं, जिना चढून वर गेलं की बंद पडतं.

एक घर उदाहरणादाखल: इंदिरानगरचं रो हाउस

हा प्रकार नाशिकमध्ये इतका सर्रास आहे की तोच पूर्ण उलगडून पाहू. इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याच्या बाजूचं दुमजली रो हाउस घ्या. खाली हॉलमध्ये फायबरवाल्याने बसवलेला डबा, म्हणजे ओएनटी. त्यात वायफाय आहेच. टीव्हीही हॉलमध्येच आणि याच डब्यावर. मधल्या काँक्रीटच्या स्लॅबमुळे वरच्या बेडरूममध्ये रेंज येत नाही, म्हणून एक राउटर आणला, खालच्या डब्यापासून लॅन केबल वर ओढली आणि नव्या राउटरच्या `WAN` लिहिलेल्या पोर्टात खोचली. वर इंटरनेट झकास चालू झालं आणि काम झालं असं सगळ्यांना वाटलं.

प्रत्यक्षात काय झालं? खालचा डबा `192.168.1.1` या पत्त्यावर बसून घरात `192.168.1.` चे पत्ते वाटतो. वरचा राउटर त्याच्याकडून स्वतःसाठी एक पत्ता घेतो, समजा `192.168.1.14`, आणि स्वतःच्या पाठीमागे `192.168.0.` चं दुसरं नेटवर्क उभं करतो. वर बसलेल्या फोनला `192.168.0.104` मिळतो. फोनची हाक वरच्या राउटरपर्यंत येऊन तिथेच संपते. खालच्या टीव्हीला ती ऐकूच जात नाही.

इथे भल्याभल्यांना चकवणारी एक गोष्ट आहे. वरच्या राउटरला जोडलेल्या लॅपटॉपवरून टीव्हीला पिंग करून बघा, म्हणजे एक छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का ते पाहा:

```
ping 192.168.1.37
```

उत्तर व्यवस्थित येतं! कारण आतल्या नेटवर्कमधून बाहेर जाणारी वाट राउटर मोकळी ठेवतो, इंटरनेटसाठी ठेवतो तशीच, आणि वरच्या राउटरच्या दृष्टीने खालचा टीव्ही ‘बाहेर’ आहे. म्हणून ‘पिंग जातंय, म्हणजे नेटवर्क ठीक आहे’ हा निष्कर्ष इथे चुकतो. पत्ता माहीत असेल तर टीव्हीपर्यंत पोचता येतं, पण कास्टला पत्ता आधी शोधावा लागतो, आणि शोधायची हाकच अडलेली असते. टीव्ही वर आणि फोन खाली असेल तर पिंगही जात नाही.

उपाय: वरच्या राउटरला फक्त अ‍ॅक्सेस पॉइंट करा

वरच्या डब्याचं राउटरपण काढून घ्यायचं आणि त्याला नुसतं वायफाय पसरवायचं काम द्यायचं. पत्ते वाटायचं काम घरात एकाकडेच हवं, आणि ते खालच्या ओएनटीकडे राहू द्या.

हात लावण्याआधी एक गोष्ट पक्की करा. वरच्या राउटरच्या पानावर लॉगिन करा (पत्ता, नाव आणि पासवर्ड डब्याच्या तळाशी स्टिकरवर असतात) आणि `Internet` किंवा `WAN` विभागात जोडणीचा प्रकार वाचा. तिथे `Dynamic IP` असेल आणि मिळालेला पत्ता `192.168.` ने सुरू होत असेल, तर वर सांगितलेलीच परिस्थिती आहे, पुढे चला. तिथे `PPPoE` आणि फायबरवाल्याने दिलेलं युजरनेम असेल तर थांबा. त्या घरात इंटरनेटचं लॉगिन हाच राउटर करतो आहे. त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट केलंत तर सगळ्या घराचं इंटरनेट जाईल. अशा घरात उपाय सोपा आहे: टीव्हीही याच राउटरच्या वायफायला जोडा.

`Dynamic IP` असलेल्या घरात बहुतेक नव्या राउटरवर काम दोन मिनिटांचं आहे. टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलवर `Advanced`, `System`, `Operation Mode` असं जाऊन `Access Point` निवडायचं आणि सेव्ह करायचं. इतर कंपन्यांतही `Operation Mode` किंवा `AP Mode` असे शब्द शोधा. राउटर पुन्हा सुरू होतो आणि केबल सहसा आहे त्याच पोर्टात चालते. शेजारी `Repeater` किंवा `Range Extender` असेही पर्याय दिसतील. ते केबल नसलेल्या घरांसाठी आहेत. आपल्याकडे केबल ओढलेली असताना ते निवडून वेग घालवू नका.

जुन्या राउटरवर हा पर्याय नसतो. तिथे हाताने करावं लागतं, आणि क्रम चुकला तर राउटरच्या पानावर परत जाता येत नाही, म्हणून पायऱ्या याच क्रमाने करा.

1. आधी ओएनटीच्या पानावर `DHCP` विभागात तो कुठून कुठपर्यंत पत्ते वाटतो ते बघा. `192.168.1.2` ते `192.168.1.254` असेल तर सुरुवात `192.168.1.10` करा, म्हणजे 2 ते 9 हे पत्ते मोकळे राहतात. पासवर्ड फायबरवाल्याने दिलेला नसेल तर त्याला फोन करून एवढाच बदल करून घ्या.

2. वरच्या राउटरची `WAN` मधली केबल काढून ठेवा. लॅपटॉप त्या राउटरच्या `LAN` पोर्टाला लहान केबलने जोडा.

3. राउटरच्या `LAN` विभागात त्याचा स्वतःचा पत्ता `192.168.1.2` करा आणि सेव्ह करा. पान अडकल्यासारखं दिसेल, कारण पत्ता बदलला. ब्राउझरमध्ये `192.168.1.2` टाकून पुन्हा लॉगिन करा.

4. आता `DHCP Server` बंद करा. हे शेवटी करायचं, कारण यानंतर हा राउटर लॅपटॉपला पत्ता देणार नाही.

5. खालून आलेली केबल `WAN` ऐवजी `LAN` च्या कुठल्याही पोर्टात खोचा. `WAN` चा पोर्ट रिकामा राहील. हाताने केलेल्या जोडणीत केबल `WAN` मध्ये राहिली तर अख्खी मेहनत पाण्यात जाते, आणि नेमकी हीच चूक सर्वांत जास्त होते.

6. दोन्ही डबे बंद करा. आधी ओएनटी चालू करा, इंटरनेटचा दिवा स्थिर होईपर्यंत थांबा, मग वरचा राउटर, मग टीव्ही. फोनचं वायफाय बंद करून पुन्हा चालू करा, नाहीतर तो काही काळ जुन्याच पत्त्यावर अडून बसतो.

आता फोनचा पत्ता पुन्हा वाचा. `192.168.1.` ने सुरू होत असेल तर काम झालं, कास्टची यादी काही सेकंदांत भरेल. अजून `192.168.0.` दिसत असेल तर वरच्या राउटरवरचे बदल खरंच सेव्ह झाले आहेत का ते पाहा. `169.254.` ने सुरू होणारा पत्ता आला, किंवा ‘पत्ता मिळवत आहे’ असं म्हणत फोन तिथेच अडकला, तर फोनला पत्ता देणारं कुणीच सापडलेलं नाही. केबल सैल आहे, हाताने केलेल्या जोडणीत ती `WAN` मध्येच राहिली आहे किंवा ओएनटीचंही `DHCP` चुकून बंद झालं आहे.

या जोडणीनंतर दोन्ही डब्यांना सारखंच नाव आणि पासवर्ड द्यायला हरकत नाही. आधी जे घोळाचं कारण होतं तेच आता सोयीचं होतं, कारण खाली-वर फिरताना नेटवर्क बदलत नाही.

पत्ते जुळतात, तरी टीव्ही दिसत नाही

फोन `192.168.1.22`, टीव्ही `192.168.1.37`, राउटर एकच, आणि यादी रिकामी. इथे संशय आयसोलेशनवर घ्यायचा. ही राउटरमधली अशी सोय आहे की वायफायवरच्या प्रत्येक उपकरणाला इंटरनेट मिळतं, पण शेजारचं उपकरण दिसत नाही. गेस्ट वायफायवर ती बहुधा मुळातच चालू असते. काही राउटर गेस्टला वेगळ्या आकड्यांचे पत्ते देतात, काही मात्र घरच्याच आकड्यांतले देतात. म्हणूनच नुसते पत्ते जुळले की सुटलो असं होत नाही.

असं का घडतं तेही नेहमीचंच आहे. पाहुण्यांना पासवर्ड द्यायला सोपा म्हणून गेस्ट वायफाय चालू केलं जातं, आणि मग घरातलंच कुणीतरी नव्या टीव्हीला तोच सोपा पासवर्ड टाकतं. टीव्ही त्या दिवसापासून गेस्ट होऊन बसतो. उपाय एका ओळीचा आहे: टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेस्टचं नाव `Forget` करा आणि घरच्या वायफायला जोडा.

टीव्ही आणि फोन दोघेही घरच्या मुख्य वायफायवर असतील, तर टीव्ही चालू ठेवून त्याच वायफायवरच्या विंडोज लॅपटॉपवरून पिंग करा. पत्ते एकाच नेटवर्कचे असताना `Destination host unreachable` आलं, पण त्याच लॅपटॉपवरून राउटरला, म्हणजे `192.168.1.1` ला, उत्तर मिळालं, तर आयसोलेशन जवळजवळ नक्की. राउटरच्या पानावर `Wireless` किंवा `WLAN` च्या `Advanced` विभागात `AP Isolation`, `Client Isolation`, `SSID Isolation` किंवा `WLAN Partition` यांपैकी एखादं नाव शोधा आणि खूण काढा. 2.4 आणि 5 या दोन्हींसाठी ही खूण वेगवेगळी असू शकते, म्हणून दोन्ही पानं बघा. गेस्ट विभागात `Allow guests to see each other` आणि `Allow guests to access my local network` अशा दोन ओळी असतात. दुसरी चालू करून कास्ट सुरू होईल खरं, पण मग गेस्ट वायफाय ठेवण्यात अर्थ उरत नाही. ती बंदच राहू द्या.

ओएनटीच्या पानावर ही खूण बदलायला कुलूप असेल तर एक पळवाट आहे: टीव्ही वायफायऐवजी लॅन केबलने डब्याला जोडा. बऱ्याच राउटरवर ही बंदी फक्त वायफाय ते वायफाय एवढीच असते, केबलवरच्या टीव्हीला ती लागू होत नाही.

पिंगला उत्तर येतं, पत्ते जुळतात, आणि तरीही यादी रिकामी असेल तर फोनच्या परवानग्या पाहा. आयफोनमध्ये `Settings`, `Privacy & Security`, `Local Network` इथे त्या अ‍ॅपचं बटण चालू हवं. हे बटण बंद असलं की फोन ती हाकच मारत नाही. एखाद्या अ‍ॅपने पहिल्यांदा उघडताना विचारलं आणि आपण घाईत नको म्हटलं, एवढ्याने हे होतं.

दोन खोट्या कसोट्या

स्क्रीन मिररिंग चालतं म्हणून नेटवर्क ठीक आहे, असं समजू नका. मिराकास्टचं मिररिंग फोन आणि टीव्ही यांच्यात थेट जोडणी करतं, राउटरला विचारतही नाही. तसंच फक्त यूट्यूबवरून पारख करू नका. यूट्यूब टीव्हीला इंटरनेटवरूनही जोडून घेऊ शकतं, म्हणून यूट्यूब दिसतं आणि बाकीच्या अ‍ॅपमध्ये टीव्ही नाही असं घडतं. कसोटी दुसऱ्या एखाद्या कास्ट करणाऱ्या अ‍ॅपवर घ्या.

हाच यूट्यूबचा गुण मात्र हॉटेलात कामाला येतो.

जिथे राउटर आपला नाही

द्वारका सर्कलजवळचं लॉज असो, गंगापूर धरणाकडचा रिसॉर्ट असो की कॉलेज रोडजवळचं पीजी, तिथे आयसोलेशन चालू असतं आणि असायलाच हवं. नाहीतर एका खोलीतला फोन शेजारच्या खोलीतल्या टीव्हीवर काहीही लावू शकेल. कर्मचाऱ्यांना ते बंद करायला सांगू नका. सिंहस्थाच्या तयारीत पंचवटीत घरच्या खोल्या भाड्याने द्यायच्या विचारात असाल, तर तुम्हीही पाहुण्यांच्या वायफायवर ते चालूच ठेवा.

फक्त यूट्यूब बघायचं असेल तर टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये `Link with TV code` उघडा, 12 आकडी कोड येईल. फोनच्या यूट्यूबमध्ये सेटिंगमधल्या `Watch on TV` मध्ये `Enter TV code` निवडून तो टाका. ही जोडणी इंटरनेटवरून होते, त्यामुळे फोन मोबाइल डेटावर असला तरी चालतं. निघताना टीव्हीवर ती जोडणी काढून टाका.

बाकी अ‍ॅपसाठी दोन फोन लागतात. एका फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा, टीव्ही आणि दुसरा फोन दोघांनी त्यावर यायचं. मग दोघांचं नेटवर्क एकच होतं आणि हाक पोचते. व्हिडिओ टीव्ही स्वतः ओढत असल्यामुळे सगळा डेटा पहिल्या फोनच्या पॅकमधून जातो. एचडी दर्जाला तासाला साधारण दीड ते तीन जीबी धरा. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर एक सिनेमाही पुरा व्हायचा नाही, म्हणून अ‍ॅपमधला दर्जा आधीच 480 वर आणून ठेवा. लॅपटॉप बरोबर असेल तर हे सगळं सोडा आणि टीव्हीच्या मागे एचडीएमआय केबल लावा.